फासा टाकून विचारलेला प्रश्न: रँडमाइज्ड रिस्पॉन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाजेचा, भीतीचा किंवा शिक्षेचा संबंध असलेला प्रश्न सर्वेक्षणात विचारला की लोक खोटं बोलतात. तेव्हा काही जणांना खोटं बोलायला आपणच सांगायचं, आणि किती जणांना सांगितलं याचा हिशेब ठेवायचा, अशी ही पद्धत आहे. खाली सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: १,२०० विद्यार्थी, एक फासा आणि एक प्रश्न, 'गेल्या वर्षभरात तू लेखी परीक्षेत कॉपी केलीस का?' यातले आकडे समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही खऱ्या पाहणीचे नाहीत.

नेमकं करायचं काय असतं?

विद्यार्थ्याच्या हातात एक फासा आणि एक अपारदर्शक पेला द्यायचा. त्याने फासा पेल्यात हलवायचा, आत डोकावून आकडा बघायचा आणि तो कोणालाही सांगायचा नाही. समोरच्या कार्डावर तीन ओळी असतात. १ पडला तर 'होय' म्हण. ६ पडला तर 'नाही' म्हण. २, ३, ४ किंवा ५ पडला तर प्रश्नाचं खरं उत्तर दे.

विचारणाऱ्याला ऐकू येतो तो फक्त एक शब्द. तो फाशामुळे आला की कॉपीमुळे, हे त्याला कळायला मार्ग नाही. उत्तर दिल्यावर विद्यार्थ्याने पेला पुन्हा एकदा खडखडवायचा, म्हणजे आत पडलेला आकडाही उरत नाही. ही शेवटची पायरी बऱ्याच जणांकडून राहून जाते. पेला तसाच टेबलावर ठेवून मुलगा उठला की पुढचा माणूस तो उचलून बघू शकतो, आणि हे त्या मुलालाही कळतं.

उत्तरांत एवढी भेसळ झाल्यावर खरं प्रमाण कसं कळतं?

भेसळ किती आहे ते आधीच माहीत असतं म्हणून. १,२०० जणांनी फासा टाकला तर साधारण २०० जणांना १ पडेल, साधारण २०० जणांना ६ पडेल आणि उरलेले ८०० खरं उत्तर देतील. कोणाला काय पडलं ते आपल्याला माहीत नाही, पण किती जणांना पडलं असेल ते बऱ्यापैकी माहीत आहे.

समजा, एकूण ३६० होकार आले. त्यांतले २०० फाशाने बोलायला लावलेले, ते वजा करा. उरले १६०. हे १६० होकार खरं बोलणाऱ्या ८०० जणांमधले. १६० भागिले ८०० म्हणजे २० टक्के. फाशाने कोणाला कुठल्या गटात टाकायचं हे कॉपी बघून ठरवलेलं नाही, त्यामुळे हे ८०० म्हणजे सगळ्या १,२०० जणांचाच नमुना आहे आणि २० टक्के हा अंदाज सगळ्यांना लागू होतो.

सूत्र हवंच असेल तर ते एवढंच आहे:

```
p = (Y/n - 1/6) / (2/3)
```

`Y` म्हणजे आलेले होकार, `n` म्हणजे एकूण माणसं आणि `p` म्हणजे कॉपी करणाऱ्यांचं अंदाजी प्रमाण. मी मात्र नव्या माणसाला नेहमी वरची वजाबाकीच दाखवतो. सूत्र पाठ असलेला माणूस फाशाचे नियम बदलल्यावर गोंधळतो. वजाबाकी समजलेला गोंधळत नाही.

ही कल्पना मूळची कोणाची?

स्टॅनली वॉर्नर यांनी १९६५ साली ती मांडली. त्यांच्या रूपात खोटं उत्तर द्यायला सांगितलेलं नव्हतं. एकाच गोष्टीची दोन उलटसुलट वाक्यं होती: 'मी या गटात आहे' आणि 'मी या गटात नाही'. कोणतं वाक्य वाट्याला येणार ते फिरणाऱ्या काट्यावर ठरायचं. ते वाक्य आपल्याला लागू पडतं की नाही एवढंच माणसाने सांगायचं. १९६९ मध्ये ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा प्रकार पुढे आणला. त्यात उलट वाक्याऐवजी भलताच निरुपद्रवी प्रश्न येतो, उदाहरणार्थ जन्म अमुक महिन्यातला आहे का. फाशाने 'होय' किंवा 'नाही' म्हणायला लावण्याचा प्रकार त्यानंतरचा.

यात एक गंमत आहे. आपला फासा आणि वॉर्नर यांची पद्धत दिसायला वेगळ्या असल्या तरी गणिताने एकच निघू शकतात. समजा वॉर्नर यांच्या पद्धतीत १ ते ५ पडल्यावर 'मी कॉपी केली' हे वाक्य आणि ६ पडल्यावर 'मी कॉपी केली नाही' हे वाक्य दिलं. कॉपी केलेल्याच्या तोंडून सहापैकी पाच वेळा होकार येईल, न केलेल्याच्या तोंडून सहापैकी एकदा. आपल्या फाशातही कॉपी केलेला १ ते ५ ला 'होय' म्हणतो आणि न केलेला फक्त १ ला. म्हणजे तेच. फरक पडतो तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात. 'मी केली नाही' या वाक्याला 'नाही' म्हणायचं म्हणजे काय, हे जुळवताना माणसं अडखळतात.

'होय' म्हणणारा मुलगा खरंच सुरक्षित राहतो का?

पूर्ण नाही, आणि हे लपवू नये.

आपल्या १,२०० मध्ये २० टक्के, म्हणजे २४० जणांनी कॉपी केली आहे असं धरा. त्यांतले सहापैकी पाच, म्हणजे २०० जण 'होय' म्हणतील. न केलेल्या ९६० पैकी सहापैकी एक, म्हणजे १६० जण 'होय' म्हणतील. होकारांची बेरीज ३६०. म्हणजे 'होय' म्हणणाऱ्या ३६० पैकी २०० जण खरोखर कॉपी केलेले असतील, साधारण ५६ टक्के. पाहणीआधी कोणत्याही मुलाबद्दल संशय २० टक्के होता, 'होय' ऐकल्यावर तो ५६ झाला. पुरावा म्हणून हा आकडा कुचकामी आहे, पण संशय वाढलाच नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

नकाराचंही तसंच. ८४० नकारांमध्ये ४० जण कॉपी केलेले असतील, म्हणजे पाचेक टक्के. तेव्हा 'नाही' म्हणणं 'होय' म्हणण्यापेक्षा जास्त सुरक्षित आहे आणि मुलांना ते गणित न करताही कळतं. या पद्धतीचा सगळ्यात मोठा घोळ इथूनच सुरू होतो, तो पुढे येईल.

संरक्षण मोजायचा सोपा मार्ग असा: केलेल्याच्या तोंडून होकार येण्याची शक्यता न केलेल्याच्या किती पट आहे ते बघा. इथे पाच पट. हा आकडा कॉपीच्या प्रमाणावर अवलंबून नाही, फक्त फाशाच्या नियमांवर आहे. एकेका माणसाची गोपनीयता गणिताने मोजण्याच्या शास्त्राला डिफरन्शियल प्रायव्हसी म्हणतात. तिथले लोक याच पटीचा लॉगरिदम घेऊन त्याला एप्सिलॉन म्हणतात. पाचाचा नैसर्गिक लॉगरिदम १.६ च्या आसपास येतो.

मग संरक्षण आणखी वाढवलं तर?

वाढवता येतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. फाशाऐवजी नाणं घ्या. छापा पडला तर खरं सांग. काटा पडला तर नाणं पुन्हा उडव आणि त्यावर 'होय' किंवा 'नाही' म्हण. आता केलेल्याचा होकार चारपैकी तीन वेळा आणि न केलेल्याचा चारपैकी एकदा येतो. पट पाचावरून तीनवर आली.

किंमत अचूकतेत जाते. १,२०० जणांना सरळ विचारलं असतं आणि सगळे खरं बोलले असते, तर २० टक्क्यांच्या अंदाजाला दोन्ही बाजूंना साधारण २.३ टक्क्यांची सूट द्यावी लागली असती (९५ टक्के खात्रीच्या हिशेबाने). फाशाने ती ३.९ होते, म्हणजे अंदाज १६ ते २४ च्या दरम्यान. नाण्याने ती ५.४ पर्यंत जाते. हेच माणसांच्या संख्येत सांगायचं तर सरळ प्रश्नाइतकी अचूकता हवी असल्यास फाशाला जवळजवळ तिप्पट माणसं लागतात आणि नाण्याला पावणेसहा पट.

वॉर्नर यांच्या पद्धतीत दोन्ही वाक्यांची शक्यता अर्धी-अर्धी ठेवली तर संरक्षण शंभर टक्के, आणि माहिती शून्य. सगळ्यांकडून निम्मे होकार येतील, मग कॉपी कोणी केलेली असो वा नसो. असा आराखडा घेऊन कोणी प्रत्यक्ष पाहणीला निघेल असं वाटत नाही ना? मला एकदा तो तपासायला आला होता. 'पूर्ण निष्पक्ष नाणं वापरलं आहे' असं त्यात अभिमानाने लिहिलं होतं.

अचूकता इतकी जात असेल तर सरळच का विचारू नये?

कारण सरळ प्रश्नाची अचूकता चुकीच्या आकड्याभोवती असते. समजा सरळ विचारल्यावर कॉपी केलेल्या २४० पैकी १४० जणांनी हात झटकले. होकार आले १००, म्हणजे ८.३ टक्के, आणि सूट फक्त दीड टक्क्याची. कागदावर फार नेटका दिसणारा अंदाज: ७ ते १० टक्के. खरा आकडा २०. नमुना दहापट केला तर हा अंदाज आणखी नेटका होईल आणि तितकाच चुकीचा राहील.

म्हणून निवड या दोन गोष्टींत असते: लोक किती खोटं बोलतात, आणि फाशामुळे अंदाज किती डळमळतो. प्रश्न फारसा नाजूक नसेल तर फासा काढूच नका. 'अभ्यासाला रोज किती वेळ देतोस' यासाठी पेला खडखडवणं हा पोरखेळ आहे. निनावी चिठ्ठ्यांची पेटी ठेवता येत असेल आणि मुलांचा तिच्यावर विश्वास बसत असेल, तर तेही पुष्कळदा पुरतं. फाशाची गरज पडते ती समोरासमोर मुलाखत असताना, किंवा उत्तराला वय, वर्ग, निकाल अशी माहिती जोडायची असल्यामुळे खरी निनावीपणाची हमी देता येत नसताना.

किती माणसं असली की ही पद्धत चालते?

शेकड्यांत नव्हे, हजारांत विचार करा. ४० जणांच्या एका वर्गात हाच फासा फिरवला तर २० टक्क्यांच्या अंदाजाला दोन्ही बाजूंना २१ टक्क्यांची सूट येते. म्हणजे उत्तर असं: 'या वर्गात कॉपी करणारे शून्य ते ४१ टक्के असावेत.' हे सांगायला फासा लागत नाही.

दुर्मीळ गोष्टींनाही ती चालत नाही. कॉपीचं खरं प्रमाण १ टक्का असेल तर १,२०० जणांतही सूट सव्वातीन टक्क्यांच्या आसपास राहते. फाशानेच २०० होकार ओतलेले, त्यांत खऱ्या उत्तरांतून आलेले ८ होकार शोधायचे. त्या २०० ची नैसर्गिक चढउतारच त्या आठांपेक्षा मोठी आहे.

अंदाज उणे आला. फासा खराब होता का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर क्वचितच फाशात सापडतं.

समजा १,२०० जणांकडून फक्त १७० होकार आले. वजाबाकी केली तर १७० वजा २०० म्हणजे उणे ३०, आणि अंदाज उणे पावणेचार टक्के. प्रमाण उणे असू शकत नाही. खरं प्रमाण शून्याच्या जवळ असेल तर नशिबाने अंदाज किंचित उणे जाणं अगदी स्वाभाविक आहे, त्यात काही बिघडलेलं नसतं. कोणीच कॉपी केली नसती तरी होकार २०० च्या आसपास आले असते, आणि त्यांत वर-खाली २५ पर्यंतचा फरक सहज पडतो. १७० मात्र त्या मर्यादेच्याही खाली आहे. तेव्हा नशिबाला दोष देण्याआधी बघायचं की १ पडलेल्यांनी 'होय' म्हटलंच नाही का.

बहुतेकदा तेच झालेलं असतं. पहिल्यांदा ही पद्धत वापरली तेव्हा सरावाच्या फेरीत एक मुलगी पेल्यात बघून गप्पच बसली. दोनदा विचारल्यावर म्हणाली, "सर, मी केलीच नाही कॉपी. मग होय कशाला म्हणू?" तिला १ पडला होता हे त्याच वाक्यातून कळलं आणि ती फेरी तिथेच बाद झाली. पण तिने निदान बोलून दाखवलं. ज्यांनी काही न बोलता 'नाही' म्हटलं, त्यांचं काय? प्रामाणिक माणसालाच खोटा आरोप स्वतःवर घ्यायला सांगणं ही या पद्धतीची खरी अडचण आहे. ज्याने कॉपी केली त्याला फासा आडोसा देतो. ज्याने नाही केली, त्याच्या दृष्टीने फासा उगाच त्याच्यावर डाग लावतो.

याचा परिणाम किती होतो ते बघा. १ पडलेल्या २०० पैकी फक्त ५० जणांनी हट्टाने 'नाही' म्हटलं, बाकी सगळे नियमाने वागले. होकार ३६० ऐवजी ३१०. वजाबाकी ११०, भागिले ८००, अंदाज १३.७५ टक्के. एकूण माणसांपैकी अवघ्या चार टक्क्यांनी नियम मोडला आणि अंदाज २० वरून १४ च्या खाली घसरला. आणि १३.७५ हा आकडा उणे नाही, म्हणून कोणाच्या डोळ्यातही भरत नाही.

मग नियम मोडले जाताहेत हे ओळखायचं कसं?

एक उपाय म्हणजे सोबत असा प्रश्न ठेवायचा की ज्याचं खरं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. उदाहरणार्थ, जी परीक्षा यंदा झालीच नाही तिला तू बसलास का. खरे होकार शून्य, म्हणून सगळे होकार फाशाचे. ते २०० च्या बरेच खाली आले तर मुलं 'होय' गिळताहेत. मर्यादा एवढीच की असा प्रश्न कॉपीइतका बोचरा नसतो. तिथे 'होय' म्हणायला काही जात नाही, म्हणून तिथला निकाल थोडा जास्त चांगला येतो.

दुसरा उपाय क्लार्क आणि डेशारने यांनी १९९८ मध्ये सुचवला. नमुन्याचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग करायचे आणि दोघांना फाशाचे वेगवेगळे नियम द्यायचे. एका भागात फक्त १ ला 'होय' म्हणायला लावायचं, दुसऱ्यात १, २ आणि ३ ला. सगळे नियमाने वागले तर दोन्ही भागांतून अंदाज सारखाच निघायला हवा. काही जण कसंही करून 'नाही'च म्हणत असतील तर दोन्ही भागांचं गणित जुळत नाही, आणि दोन समीकरणांतून त्या 'नाही'वाल्यांचं प्रमाण वेगळं काढता येतं. त्यांच्यापैकी कोणी कॉपी केली आणि कोणी नाही हे मात्र कळत नाही. त्यामुळे उत्तर एका आकड्यात न येता 'कमीत कमी इतके, जास्तीत जास्त तितके' अशा रूपात येतं. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. नमुना मात्र मोठा लागतो.

क्रॉसवाइज प्रकारात खोटं बोलावंच लागत नाही म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. यू, तियान आणि तांग यांनी २००८ मध्ये मांडलेल्या या प्रकारात फासाच नसतो. दोन प्रश्न एकत्र दिले जातात: आईचा वाढदिवस जानेवारी ते मार्चमध्ये येतो का, आणि कॉपी केली का. दोन्हींची उत्तरं सारखी आहेत की वेगळी, एवढंच सांगायचं. दोन्ही 'होय' असली तरी सारखी, दोन्ही 'नाही' असली तरी सारखी. इथे 'नाही'सारखा सुरक्षित वाटणारा पर्यायच नाही आणि प्रामाणिक मुलाला स्वतःवर काही ओढून घ्यावं लागत नाही. विचारणाऱ्याला आईचा वाढदिवस माहीत नसावा, एवढी काळजी मात्र हवी. शिक्षकांकडे प्रवेशअर्ज असतील तर वाढदिवसाऐवजी वेगळा प्रश्न शोधा.

काही वर्षं हा प्रकार रामबाण समजला गेला, कारण त्यातून आकडे वर यायचे, आणि वर आलेला आकडा म्हणजे खरा आकडा असं धरलं जायचं. होग्लिंगर आणि डीकमान यांनी २०१७ मध्ये त्यात खोट दाखवली. जवळजवळ कोणाच्याच बाबतीत खऱ्या नसणाऱ्या गोष्टी त्यांनी विचारल्या, त्यांतली एक होती 'तुमच्यावर अवयवाचं प्रत्यारोपण झालं आहे का'. अंदाज शून्याजवळ यायला हवा होता, तो वर आला. सूचना नीट न वाचता काहीतरी एक निवडणारी माणसं असली की 'सारखी' आणि 'वेगळी' निम्मी-निम्मी होतात आणि अंदाज पन्नासकडे ओढला जातो. फाशात आकडा खाली घसरतो, इथे वर चढतो. आकडा वर आला म्हणून पद्धत चांगली, हा युक्तिवाद दिसला की सावध व्हा.

खरंच फरक पडतो का? कोणी पडताळून पाहिलं आहे?

पाहिलं आहे, आणि निकाल ऐकून थोडा हिरमोड होईल. नेदरलँड्समध्ये व्हान डेर हायडेन आणि सहकाऱ्यांनी सरकारी भत्त्यांत अफरातफर करताना पकडल्या गेलेल्या लोकांवरच हा प्रयोग केला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलाखत घेणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं आणि आपल्याबद्दलची माहिती संशोधकांकडे आहे हे त्या लोकांनाही ठाऊक नव्हतं. खरं उत्तर प्रत्येकाचं 'होय' होतं. समोरासमोर सरळ प्रश्न, संगणकावर स्वतः भरायचा प्रश्न आणि रँडमाइज्ड रिस्पॉन्सचे दोन प्रकार अशा चार वाटांनी विचारलं. कबुलीचं प्रमाण १९ ते ४९ टक्के आलं. रँडमाइज्ड रिस्पॉन्सचे दोन्ही प्रकार सरळ प्रश्नापेक्षा सरस ठरले.

म्हणजे फायदा झाला. पण सगळ्यात चांगल्या वाटेनेही निम्म्याहून जास्त लोकांनी कबुली दिली नाही. तेव्हा या पद्धतीने काढलेला आकडा 'निदान इतके तरी' असा वाचावा.

मोबाइलवरच्या अॅपमध्ये फासा टाकून घेतला तर चालेल का?

गणिताला चालतं, माणसांना चालत नाही. आपण दिलेल्या अॅपमध्ये फासा पडला तर तो आकडा अॅपला माहीत असणारच, असं मुलं धरून चालतात आणि त्यांचं चुकतं असं नाही. ऑनलाइन पाहणी असेल तर स्वतःजवळचा फासा किंवा नाणं घ्यायला सांगा. यातही काही जण नाणं न उडवताच 'छापा' धरून पुढे जातात, तो तोटा गृहीत धरा.

समोरासमोर असाल तर पहिली पाच मिनिटं सरावाला द्या. फासा उघड्यावर टाका, 'आज तू चहा घेतलास का' असा प्रश्न विचारा, आणि १ पडल्यावर चहा न घेणारा 'होय' म्हणतो ते सगळ्यांना बघू द्या. मग विचारा, 'आता याच्या होकारावरून त्याने चहा घेतला असं म्हणता येईल का?' ज्याला उत्तर देता येत नाही त्याला अजून पद्धत कळलेली नाही, त्याला खऱ्या प्रश्नाकडे नेऊ नका.

नियम ठरवण्याआधी आकडे घरबसल्या तपासता येतील का?

येतात, आणि तपासावेतच. खालचा तुकडा पायथॉनमध्ये दहा-वीस वेळा चालवून बघा:

```python
import random
n, p, yes = 1200, 0.20, 0
for _ in range(n):
    copied = random.random() < p
    die = random.randint(1, 6)
    if die == 1 or (die != 6 and copied):
        yes += 1
print((yes/n - 1/6) * 1.5)
```

दर वेळी उत्तर ०.२० च्या आसपास हलेल, कधी ०.१७, कधी ०.२३. `n` च्या जागी ४० घाला आणि काय होतं ते बघा. १ पडलेल्यांपैकी काहींना 'नाही' म्हणायला लावणारी एक अट वाढवली की वर सांगितलेली घसरणही डोळ्यांसमोर दिसते.

मुलींमध्ये आणि मुलांमध्ये फरक आहे का, हे काढता येतं का?

येतं. दोन्ही गटांसाठी तीच वजाबाकी वेगवेगळी करायची. पण प्रत्येक गट लहान झाल्यामुळे सूट वाढते आणि फरक काढताना दोन्हींची सूट एकत्र येते. ६०० मुली आणि ६०० मुलं असतील तर आठेक टक्क्यांहून कमी फरक हाती लागणं कठीण. 'होय'-'नाही' उत्तराचा इतर माहितीशी संबंध काढायला लॉजिस्टिक रिग्रेशन वापरतात, त्याचं या पद्धतीसाठी बदललेलं रूपही आहे. नेहमीचं रिग्रेशन सरळ 'होय'-'नाही' वर चालवू नका, त्यात फाशाचे होकार खरे धरले जातात आणि सगळे फरक असायला हवेत त्यापेक्षा लहान दिसतात.

एकाच मुलाला दरमहा हाच प्रश्न विचारला तर?

तर आडोसा महिन्यागणिक विरत जातो. एका होकाराने संशय २० वरून ५६ टक्क्यांवर जातो हे पाहिलं. नव्याने फासा टाकून दुसऱ्यांदाही 'होय' आलं तर तो ८६ होतो, तिसऱ्यांदाही आलं तर ९७. वर्षभर विचारलंत तर कॉपी केलेल्याचे बारापैकी दहा होकार येतील आणि न केलेल्याचे दोन. मग नावानिशी यादी करायला काहीच कष्ट नाहीत.

क्रोम ब्राउझरमधून वापराची आकडेवारी गोळा करण्यासाठी गूगलने २०१४ मध्ये रॅपोर नावाची यंत्रणा प्रसिद्ध केली. तिच्या गाभ्याशी हीच वॉर्नर यांची कल्पना आहे, आणि तिथे रोज त्याच संगणकाकडून माहिती यायची असल्यामुळे हीच अडचण समोर होती. तोडगा असा काढला की पहिल्यांदा पडलेलं सरमिसळीचं उत्तर संगणकाने कायमचं जपून ठेवायचं आणि नंतरची सगळी उत्तरं त्या जपलेल्या उत्तरावरूनच, त्यात आणखी थोडी सरमिसळ करून, पाठवायची. मग हजारदा विचारलं तरी हाती लागतं ते फार तर पहिलं सरमिसळीचं उत्तर. फाशाच्या पाहणीत याचा अर्थ एवढाच: पुन्हा जायचं असेल तर पहिल्या वेळचा आकडा मुलाने स्वतःपाशी लिहून ठेवावा आणि तोच वापरावा. आणि मधल्या काळात खरं उत्तर बदललं असेल, तर हा उपाय चालत नाही. तिथे नवा नमुना घ्या.

मुख्याध्यापकांनी नंतर 'अमक्याचं उत्तर दाखवा' म्हटलं तर?

कागदावर 'होय' असेल तर तेवढंच आहे. फाशाचा आकडा कोणाकडेच नाही, तुमच्याकडेही नाही. तरीही नावं आणि उत्तरं एका कागदावर ठेवू नका. ५६ टक्क्यांचा अर्थ ज्याला कळत नाही, त्याला त्या कागदावर फक्त 'होय' दिसतं.